दीर्घ लेखातली शीर्षके एका सुरात कशी आणावीत

चार-पाच हजार शब्दांचा लेख एका बैठकीत लिहून होत नाही. पहिला भाग लिहिताना मनात प्रश्न घोळत असतो, म्हणून शीर्षक प्रश्नासारखे पडते. पुढचा भाग टिपणांवरून उतरवलेला असतो, तिथे टिपणातला एकच शब्द शीर्षक म्हणून राहून जातो. एखाद्या भागाला घाईत सुचलेले अख्खे वाक्य शीर्षक होऊन बसते. शेवटी उरलेसुरले मुद्दे 'इतर' या नावाखाली गोळा होतात. लेख पुरा झाल्यावर नुसती शीर्षके सलग वाचली, तर ती चार वेगवेगळ्या माणसांनी लिहिल्यासारखी वाटतात.

ही शीर्षके नव्याने लिहिण्याची एक पद्धत इथे देत आहे. मजकूर पुरा झाल्यावरच ती वापरावी. अर्धवट लेखाच्या शीर्षकांवर मेहनत घेतली तर पुढचा भाग लिहिताना ती पुन्हा मोडावी लागतात.

शीर्षकांकडून आपल्याला तीन गोष्टी हव्या असतात. ती माहितीपूर्ण हवीत, म्हणजे शीर्षक वाचून त्या भागात काय सांगितले आहे ते कळावे. ती समांतर हवीत, म्हणजे एकाच पातळीवरच्या भावंड-शीर्षकांची व्याकरणातली घडण सारखी असावी. आणि ती सुसंगत हवीत, म्हणजे एका पातळीवर ठरलेली घडण, शब्दांची निवड आणि विरामचिन्हांची रीत लेखभर तशीच राहावी. नवखे लेखक बहुधा समांतरतेपासून सुरुवात करतात, कारण ती डोळ्यांना लगेच दिसते. मग समुद्राच्या भरतीवरच्या लेखात 'भरतीची कारणे', 'भरतीचे प्रकार', 'भरतीचे फायदे', 'भरतीचे तोटे' अशी कवायत तयार होते. ती अगदी समांतर असते आणि कुठल्याही विषयाला लावता येते; भरतीच्या जागी 'दूरदर्शन' घाला, काहीही बिघडत नाही. म्हणून आधी माहिती, मग घडण, मग बारीकसारीक सुसंगती, असा क्रम ठेवा.

शीर्षकांची यादी लेखाबाहेर काढा

लेखात राहून शीर्षके दुरुस्त करता येत नाहीत. एक शीर्षक तिसऱ्या पानावर, दुसरे सातव्यावर; मधला मजकूर वाचता वाचता पहिले काय होते ते विसरायला होते. सगळी शीर्षके कोऱ्या कागदावर किंवा नव्या फाइलमध्ये क्रमाने उतरवून घ्या आणि उपशीर्षके थोडी आत सरकवा. Word किंवा Google Docs मध्ये शीर्षकांना Heading 1, Heading 2 या शैली लावलेल्या असतील तर हे काम आयतेच होते. Word मध्ये View खालचे Navigation Pane उघडले की बाजूला सगळा सांगाडा दिसतो. Google Docs मध्ये तो डाव्या बाजूला येतो. शीर्षके नुसती ठळक करून आकार वाढवलेला असेल, तर मात्र सांगाडा रिकामा दिसेल. तसे असल्यास आधी शैली लावून घ्या, कारण पुढे अनुक्रमणिकेसाठीही त्या लागतातच.

उदाहरण म्हणून समुद्राच्या भरतीपासून वीज कशी मिळते, या विषयावरचा एक लेख घेऊ. सरावासाठी मीच बेतलेला आहे. त्याची कच्ची यादी अशी:

१. प्रस्तावना
२. भरती का येते?
— २.१ चंद्र
— २.२ सूर्याचे आकर्षणही महत्त्वाचे असते
— २.३ उधाणाची आणि भांगाची भरती
३. पाणी अडवणे
— ३.१ धरण कसे बांधतात
— ३.२ ला रान्स
— ३.३ सिहवा
४. प्रवाहात टर्बाइन
— ४.१ फायदे
५. पर्यावरणविषयक काही पैलू
— ५.१ मासे
— ५.२ गाळ साचतो
— ५.३ उपाययोजना
६. खर्च आणि इतर मुद्दे
७. समारोप

ही यादी मोठ्याने वाचून पाहा. पहिल्या पातळीवर एक प्रश्न आहे, एक 'अडवणे' हे क्रियेचे नाव आहे, आणि बाकीचे नुसते नामांचे तुकडे आहेत. दुसऱ्या पातळीवर 'मासे' हे एक नाम, तर शेजारीच 'गाळ साचतो' हे पूर्ण वाक्य. चौथ्या भागाला एकच उपशीर्षक आहे. आणि सगळ्यांत मोठी अडचण अशी की यादी संपली तरी लेखकाचे म्हणणे काय आहे, याचा पत्ता लागत नाही.

प्रत्येक भागाचे म्हणणे एका वाक्यात लिहा

यादीतल्या प्रत्येक ओळीसमोर, त्या भागात प्रत्यक्ष काय सांगितले आहे ते एका साध्या वाक्यात लिहा. शीर्षक म्हणून नव्हे, स्वतःसाठी टीप म्हणून. वाक्य लांब झाले, वेडेवाकडे झाले तरी चालेल. मात्र ते स्मरणावर विसंबून लिहू नका. तो भाग पुन्हा वाचूनच लिहा. आपण काय लिहायचे ठरवले होते आणि प्रत्यक्षात काय लिहिले गेले, यांत बरेच अंतर पडलेले असते.

आपल्या लेखाच्या टिपा साधारण अशा होतात. दुसरा भाग: चंद्र आणि सूर्य यांच्या ओढीमुळे भरती येते आणि तिची वेळ व उंची आधी सांगता येते. तिसरा: खाडीच्या तोंडाशी बांध घालून आतले आणि बाहेरचे पाणी वेगळ्या उंचीवर ठेवले, की त्या फरकातून टर्बाइन फिरते. चौथा: बांध न घालताही, वेगवान प्रवाहात टर्बाइन बुडवून वीज काढता येते. पाचवा: बांधामुळे खाडीतले मासे, गाळ आणि पाण्याची ये-जा बदलते. सहावा: बांधकामाचा खर्च सुरुवातीलाच होतो, पण यंत्रणा कित्येक दशके चालते, शिवाय भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटे पुढे जात असल्याने वीज गरजेच्या वेळीच मिळेल असे नाही.

सहाव्या भागाची टीप एका वाक्यात मावली नाही. मधल्या 'शिवाय'पाशी ती दुभंगते. ही या कामातली सर्वांत उपयोगाची खूण आहे. टिपेत 'शिवाय', 'तसेच', 'त्याचबरोबर' आले आणि ते काढून वाक्य जोडता आले नाही, तर त्या भागात दोन भाग दडलेले असतात. 'खर्च आणि इतर मुद्दे' हे शीर्षक तेवढेच झाकत होते. एकूणच 'इतर', 'काही पैलू', 'आढावा', 'दृष्टिक्षेप', 'विविध', 'संबंधी', 'विषयक' हे शब्द शीर्षकात दिसले की थांबून विचारावे: हा शब्द काढला तर काय उरते? 'पर्यावरणविषयक काही पैलू' यातून 'विषयक काही पैलू' काढले तर 'पर्यावरण' उरते, म्हणजे जवळजवळ काहीच नाही.

इथे सहावा भाग सरळ दोन करायचा. मजकूर फारसा बदलावा लागत नाही; वेळेविषयीचे दोन परिच्छेद उचलून स्वतंत्र शीर्षकाखाली ठेवले की झाले.

प्रत्येक पातळीसाठी एकच घडण ठरवा

आता घडण निवडायची. मराठीत शीर्षकासाठी चार घडणी सोयीच्या आहेत. एक, नामाचा गट: 'बांधामागचा गाळ'. दोन, '-णे' लागलेले क्रियेचे नाव: 'खाडीत बांध घालणे'. तीन, प्रश्न: 'भरती का येते?'. चार, पूर्ण विधान: 'बांधामुळे खाडी बदलते'.

'-णे'ची घडण कृती शिकवणाऱ्या मजकुराला शोभते. आपला लेख काही करायला शिकवत नाही, तेव्हा ती बाद. प्रश्नार्थक शीर्षके मला मोठ्या लेखात फारशी रुचत नाहीत. एखाद-दुसरा प्रश्न कुतूहल वाढवतो; ओळीने सहा प्रश्न आले की परीक्षेचा पेपर हातात पडल्यासारखे वाटते. दुसरे म्हणजे प्रश्न उत्तर लपवून ठेवतो, आणि अनुक्रमणिका चाळणाऱ्याला उत्तरच हवे असते. सामान्य वाचकांच्या शंका घेऊनच लेख रचलेला असेल, तर गोष्ट वेगळी.

उरतात विधान आणि नामाचा गट. लेखाला काही म्हणायचे असेल, तर पहिल्या पातळीवर विधाने आणि दुसऱ्या पातळीवर नामाचे गट ही जोडी चांगली चालते. विधाने लेखाचा युक्तिवाद पुढे नेतात आणि त्यांच्या पोटातली नामे त्या विधानाचे घटक दाखवतात. इथे नवख्यांचा एक गोंधळ होतो, तो आताच दूर करू: समांतरता एकाच पातळीवर हवी असते, दोन पातळ्यांमध्ये नको. उलट दोन पातळ्यांची घडण वेगळी असली तर वाचकाला अक्षरांच्या आकाराकडे न पाहताही आपण कुठे आहोत ते कळते. जो वाचक स्क्रीनवर पाहत नाही, पडदावाचक सॉफ्टवेअरने ऐकतो, त्याला याचा विशेष उपयोग होतो. NVDA सारख्या पडदावाचकात H ही कळ दाबली की एका शीर्षकावरून पुढच्या शीर्षकावर उडी मारता येते. असा वाचक आधी नुसती शीर्षके ऐकतो आणि कुठे थांबायचे ते ठरवतो.

निवड झाली की ती यादीच्या डोक्यावर लिहून ठेवा: 'पहिली पातळी: पूर्ण विधान, वर्तमानकाळ. दुसरी पातळी: विशेषणासह नाम.' चार दिवसांनी पुन्हा काम हाती घेतले तर ही ओळ कामी येते.

वरची पातळी आधी लिहून घ्या

उपशीर्षकांना हात न लावता फक्त मुख्य शीर्षके घ्या. टिपांमधली वाक्ये समोर आहेतच. ती आखूड करायची. साधारण चार ते आठ शब्द पुरतात. अनुक्रमणिकेत शीर्षक एका ओळीत मावले पाहिजे, हा एक व्यावहारिक निकष.

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, हे इथे पथ्यावर पडते. सगळी विधाने सारख्या काळातल्या क्रियापदाने संपवली की समांतरता कानाला ऐकू येते. आपल्या लेखाची मुख्य शीर्षके अशी बसतात:

२. चंद्र-सूर्याच्या ओढीने भरती नियमित येते
३. बांध घालून पाण्याच्या उंचीतून वीज मिळते
४. बांध न घालता प्रवाहाच्या वेगातून वीज मिळते
५. बांधामुळे खाडीचे जीवन बदलते
६. सुरुवातीचा खर्च दीर्घ वापरात भरून निघतो
७. वीज मिळण्याची वेळ रोज पुढे सरकते

तिसरे आणि चौथे शीर्षक नीट पाहा. कच्च्या यादीत ती 'पाणी अडवणे' आणि 'प्रवाहात टर्बाइन' अशी होती. दोन्हींचा आपसांत संबंध आहे हे कळतही नव्हते. आता 'बांध घालून / बांध न घालता' आणि 'उंचीतून / वेगातून' या जोड्यांमुळे एकाच कामाच्या या दोन रीती आहेत आणि त्यांत फरक कुठे आहे, हे शीर्षकांवरूनच समजते. समांतरतेचे खरे काम हे आहे. सारखेपणा ठेवल्यामुळे जेवढे वेगळे आहे तेवढेच नजरेत भरते. म्हणून अशा जोडीत न बदलणारे शब्द मुद्दाम तेच ठेवावेत. एका ठिकाणी 'वीज मिळते' आणि दुसरीकडे 'ऊर्जानिर्मिती होते' असे लिहिले, तर वाचक उगाचच वीज आणि ऊर्जा यांत फरक शोधत बसतो. पुनरुक्ती टाळायची सवय मजकुरात चांगली, शीर्षकांत घातक.

सहाव्या शीर्षकापाशी मात्र सावध व्हायला हवे. विधान केले की त्याची जबाबदारी येते. 'भरून निघतो' असे ठणकावून सांगताना मजकुरात काय आहे? त्यात फ्रान्समधल्या ला रान्स केंद्राचे उदाहरण आहे. ते १९६६ मध्ये सुरू झाले आणि अर्धशतकाहून अधिक काळ चालत आहे. पण त्याच भागात असेही लिहिले आहे की प्रत्येक खाडीत हे गणित जुळेल असे नाही. भरती-ओहोटीच्या उंचीतला फरक पुरेसा नसेल तर खर्च अंगावर येतो. म्हणजे शीर्षक मजकुरापेक्षा एक पाऊल पुढे गेले. ते 'सुरुवातीचा खर्च दीर्घ वापरात भरून निघू शकतो' असे केले, की शीर्षक आणि मजकूर एकमेकांशी खरे राहतात. बाकी शीर्षके 'येते', 'मिळते', 'बदलते' अशी ठाम आणि हेच एक 'शकतो' म्हणते, याने घडण किंचित मऊ होते. होऊ द्या. समांतरतेपायी खोटे बोलायचे नसते.

बारीक अपवाद सगळे शीर्षकात कोंबायचीही गरज नाही. 'भरती नियमित येते' म्हटल्यावर वादळात पाणी अंदाजापेक्षा चढते हे शीर्षकात सांगायला नको. ते मजकुरात असले की पुरे. कसोटी अशी: अपवाद कळल्यावर वाचकाला शीर्षक अपुरे वाटले तर चालते, चुकीचे वाटले तर चालत नाही.

उपशीर्षके एकेका मुख्य भागाखाली तपासा

आता खालच्या पातळीवर यायचे, पण सगळी उपशीर्षके एकदम घ्यायची नाहीत. एका मुख्य शीर्षकाखालची भावंडे घ्या, ती जुळवा, मगच पुढच्या भागाकडे जा. प्रत्येक गटाला दोन प्रश्न विचारायचे. ही भावंडे एकाच प्रकारच्या गोष्टी आहेत का? आणि ती सगळी वरच्या विधानाच्या पोटात बसतात का?

दुसरा भाग घेऊ. 'चंद्र', 'सूर्याचे आकर्षणही महत्त्वाचे असते', 'उधाणाची आणि भांगाची भरती'. पहिला प्रयत्न म्हणून कोणीही असे करील: 'चंद्राचा वाटा', 'सूर्याचा वाटा', 'दोघांचा एकत्रित वाटा'. दिसायला नेटके. पण तिसरे शीर्षक काय सांगते? उधाण आणि भांग हे शब्दच गायब झाले, आणि वाचक नेमके तेच शोधत येईल. मजकुराकडे परत गेल्यावर खरा प्रकार दिसतो. सूर्याची भरती आणणारी ओढ चंद्राच्या निम्म्याहून थोडी कमी आहे. अमावास्या-पौर्णिमेला दोघांची ओढ एका रेषेत येते आणि उधाण येते. अष्टमीच्या सुमारास ती काटकोनात असते आणि भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती होते. म्हणजे सूर्य काय करतो याचे उत्तरच उधाण आणि भांग हे आहे. २.२ आणि २.३ हे दोन भाग नाहीतच, एकाच भागाचे दोन तुकडे आहेत. ते जोडले की दोन उपशीर्षके उरतात:

२.१ चंद्रामुळे दिवसातून दोनदा येणारी भरती
२.२ सूर्यामुळे कधी उधाण, कधी भांग होणारी भरती

दोन्हींची घडण एकच: 'अमक्यामुळे तशी होणारी भरती'. शीर्षके जुळवता जुळवता लेखाची मांडणी सुधारली, आणि असे वारंवार होते. जे शीर्षक काही केल्या भावंडांच्या साच्यात बसत नाही, त्याचा शब्द बदलत बसण्याआधी तो भाग योग्य जागी आहे का, ते पाहावे.

तिसऱ्या भागात 'धरण कसे बांधतात', 'ला रान्स' आणि 'सिहवा' आहेत. पहिली रीत, पुढची दोन उदाहरणे. तिघांना एका घडणीत बसवणे म्हणजे ओढाताण. इथे शीर्षकच काढून टाकणे हा सोपा उपाय आहे. बांधकामाची रीत सांगणारे परिच्छेद मुख्य शीर्षकाखाली विनाशीर्षक येऊ द्या. ते सगळ्या भागाची पार्श्वभूमी आहेत. मग उरलेली दोन उदाहरणे खरी भावंडे होतात. त्यांची नावे मात्र नुसती ठेवू नका. ज्याने ला रान्स हे नाव ऐकलेले नाही त्याला त्यातून काहीच कळणार नाही. दोन्ही केंद्रांत फरक काय? ला रान्सचा बांध वीज काढण्यासाठीच घातला गेला. दक्षिण कोरियातल्या सिहवा इथे समुद्रभिंत आधीच होती. तिच्यात टर्बाइन बसवून २०११ मध्ये केंद्र सुरू झाले. हाच फरक शीर्षकात आणायचा:

३.१ ला रान्स: विजेसाठी घातलेला बांध
३.२ सिहवा: जुन्या भिंतीत बसवलेली टर्बाइन

चौथ्या भागाखाली 'फायदे' हे एकटे उपशीर्षक आहे. भाग पाडायचे तर निदान दोन पडतात. एकटे उपशीर्षक म्हणजे एक तर दुसरे लिहायचे राहिले किंवा पहिल्याची गरजच नव्हती. त्याखालच्या तीन परिच्छेदांपैकी तिसऱ्यात खाऱ्या पाण्याखाली दुरुस्ती करण्याची अडचण सांगितली आहे, म्हणजे 'फायदे' हे नावही खरे नाही. भाग लहान आहे. उपशीर्षक काढून टाका.

पाचव्या भागात 'मासे', 'गाळ साचतो' आणि 'उपाययोजना'. पहिली दोन सहज जुळतात: 'टर्बाइनमधून जाणारे मासे' आणि 'बांधामागे साचणारा गाळ'. तिसऱ्यालाही 'नुकसान कमी करणारे उपाय' असे लिहून त्याच घडणीत बसवता येते, आणि इथेच फसगत होते. व्याकरण जुळले, पण मासे आणि गाळ हे बदल आहेत आणि उपाय हा बदल नाही. 'बांधामुळे खाडीचे जीवन बदलते' या विधानाखाली तो बसत नाही. दोन वाटा आहेत. वरचे विधान रुंद करायचे, म्हणजे 'बांधामुळे खाडीचे जीवन बदलते, पण हानी कमी करता येते', किंवा उपाय त्या त्या बदलासोबत नेऊन ठेवायचे. या लेखात माशांसाठीचे उपाय आणि गाळासाठीचे उपाय वेगवेगळे आहेत आणि प्रत्येकी परिच्छेदभरच आहेत, म्हणून मी दुसरी वाट घेईन. उपाय अनेक असते आणि त्यांची आपसांत तुलना करायची असती, तर पहिली.

सहाव्या-सातव्या भागांना उपशीर्षके नाहीत. लांबी बेताची असल्याने तसेच राहू द्या. एका भागाला आहेत म्हणून दुसऱ्याला हवीतच, असा नियम नाही.

'प्रस्तावना' आणि 'समारोप' यांचे काय, असा प्रश्न येईल. ही दोन नावे खुणेच्या पाट्या आहेत; वाचक त्यांना ओळखतो आणि त्यांच्याकडून विधानाची अपेक्षा करत नाही. ती आहेत तशी ठेवली तरी समांतरता बिघडली असे कोणी म्हणणार नाही. शोधनिबंधांसाठी वापरल्या जाणाऱ्या एपीए या शैलीत तर प्रस्तावनेला शीर्षकच देत नाहीत, कारण लेखाची सुरुवात ही प्रस्तावनाच असते. संस्थेने नावे ठरवून दिली असतील तर ती बदलू नका.

बारकावे एकेक करून जुळवा

सुसंगतीचा शेवटचा थर कंटाळवाणा असतो. सगळ्या गोष्टी एकदम पाहायला गेले की निसटतात, म्हणून यादीवरून दरवेळी एकाच गोष्टीसाठी नजर फिरवा.

पहिल्या फेरीत शब्द पाहा. एकाच वस्तूला एका शीर्षकात 'बांध' आणि दुसऱ्यात 'धरण' म्हटले आहे का? आपल्या कच्च्या यादीत 'धरण' होते आणि टिपांत 'बांध'. दुसऱ्या फेरीत लेखनरूप: 'भरती-ओहोटी' कुठे जोडरेघेसह, कुठे तिच्याविना, 'आणि' कुठे, 'व' कुठे. 'बांधामागचा गाळ' आणि 'बांधामागील गाळ' यांपैकी कोणतेही एक चालेल, दोन्ही नाही. 'खाडीचे जीवन' आणि 'खाडीचं जीवन' यांचेही तेच. मजकूर ज्या वळणाचा, शीर्षके त्याच वळणाची. तिसऱ्या फेरीत चिन्हे: शीर्षकाच्या शेवटी पूर्णविराम देत नाहीत, पण पूर्ण विधाने लिहिताना बोट आपोआप तिकडे जाते आणि अर्ध्या शीर्षकांना टिंब लागते. अपूर्णविराम वापरला असेल तर तो एकाच कामासाठी वापरा. आपल्या लेखात तो फक्त ठिकाणाच्या नावानंतर येतो. आकडे देवनागरी की इंग्रजी, तेही एकदाच ठरवा.

नवी शीर्षके मजकुराशी जुळवून घ्या

यादी पक्की झाली की शीर्षके लेखात परत बसवायची. या टप्प्यावर तीन ठिकाणी हमखास तडा जातो.

पहिले ठिकाण म्हणजे शीर्षकाखालचे पहिले वाक्य. जुने शीर्षक 'गाळ साचतो' असताना खाली 'हे टाळणे अवघड असते' असे वाक्य होते. शीर्षक 'बांधामागे साचणारा गाळ' झाल्यावर ते 'हे' कशाकडे बोट दाखवते, कळत नाही. मुळात मजकुराने शीर्षकावर टेकू नये. शीर्षक झाकून परिच्छेद वाचा. अर्थ लागला नाही तर पहिल्या वाक्यात विषयाचे नाव घाला: 'बांधामागे गाळ साचू न देणे अवघड असते.' याउलट दोषही आढळतो. विधानरूपी शीर्षकानंतर पहिले वाक्य तेच विधान शब्दशः पुन्हा म्हणते. तसे असेल तर ते वाक्य गाळून थेट पुराव्याने किंवा उदाहरणाने सुरुवात करा.

दुसरे ठिकाण म्हणजे लेखातले आपलेच संदर्भ. "वर 'पाणी अडवणे' या भागात पाहिल्याप्रमाणे" असे कुठेतरी लिहिलेले असते, आणि आता त्या नावाचा भागच नाही. जुन्या यादीतले प्रत्येक शीर्षक शोध-सुविधेत टाकून लेखभर शोधा. एक भाग दोन झाल्यामुळे आणि काही उपशीर्षके गेल्यामुळे क्रमांकही सरकले आहेत. 'भाग ७' म्हटले होते ते आता 'भाग ८' असू शकते. 'भाग', 'विभाग', 'वर पाहा', 'पुढे येईल' हे शब्दही शोधून घ्या.

तिसरे ठिकाण म्हणजे अनुक्रमणिका. Word मध्ये ती आपोआप बनवलेली असली तरी शीर्षक बदलल्याबरोबर ती बदलत नाही. तिच्यावर क्लिक करून F9 दाबा आणि Update entire table निवडा. नुसते पृष्ठक्रमांक ताजे करण्याचा पर्याय निवडला तर जुनीच शीर्षके राहतात. हाताने टाइप केलेली अनुक्रमणिका असेल तर ती पुसून नव्याने बनवणे दुरुस्तीपेक्षा लवकर होते.

एवढे झाल्यावर लेख न वाचलेल्या एखाद्याला फक्त अनुक्रमणिका द्या आणि 'या लेखात काय म्हटले असेल?' असे विचारा. 'भरतीबद्दल काहीतरी आहे' असे उत्तर आले तर वरच्या पातळीवर माहिती कमी पडते आहे. तिसऱ्या टप्प्यात विधाने ठरवली असतानाही कुठेतरी नामे राहून गेली असतील. 'बांध घालून आणि न घालता अशा दोन प्रकारे वीज मिळते, खाडीवर परिणाम होतो आणि वेळेची अडचण असते' असे उत्तर आले तर यादी बरोबर बसली. आणि सांगणारा एखाद्या शीर्षकापाशी अडखळला, तर त्याला समजावून सांगू नका. समजावताना तुमच्या तोंडी जे वाक्य येणार होते तेच तिथे लिहा.